अपारवर नाव वेगळं, मार्कशीटवर वेगळं, क्रेडिट शून्य: एस.वाय.चा प्रवेश अडलाय (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न बहिणीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिचं खरं नाव इथं टाकत नाही, स्वाती धरून चाला, कारण घोळ नेमका असल्याच नावाचा आहे.

तिचं एफ.वाय. बी.कॉम. सोलापुरातल्या एका कॉलेजात झालं. दोन्ही सेमिस्टर पास, एकही विषय मागे नाही. आता सीएच्या क्लाससाठी ती पुण्यात राहणार आहे, म्हणून एस.वाय.ला तिथल्या एका कॉलेजात प्रवेश घ्यायचाय. त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा सरकारी ओळख क्रमांक, टाकला की नाव आपोआप येतं, आणि ते मार्कशीटवरच्या नावाशी जुळत नाही म्हणून फॉर्म पुढं सरकत नाही. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, "आधी नाव जुळवून आणा, आणि एबीसीत पहिल्या वर्षाची क्रेडिट दिसतात का तेही बघा." एबीसी म्हणजे पास झालेल्या विषयांची क्रेडिट जमा होतात ती क्रेडिट बँक. घरी येऊन तिच्या abc.gov.in वर लॉगिन केलं तर क्रेडिट शून्य.

आधारवर इंग्रजीत `SWATHI` आहे. आमच्याकडं तेलुगू घरांत असंच लिहितात, आजीच्या रेशनकार्डापासून तेच चालत आलंय. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर मात्र `SWATI`, कारण शाळेतल्या बाईंनी मराठी पद्धतीनं लिहिलं. अपार कार्डावर आधारचं नाव आलंय, विद्यापीठाच्या मार्कशीटवर दहावीचं. आता नेमकं काय बदलायचं? आधार, मार्कशीट की अपार? प्रवेशाची मुदत जवळ आलीय. घरात सगळे एकमेकांकडं बघतायत.

सातरस्ता_ऑनलाइन

दादा, आमचं फॉर्म भरायचं सेंटर आहे, रोज असली दहा पोरं येतात. सोपा उपाय सांगतो. गॅझेट करून घ्या. राजपत्रात नाव आलं की सगळीकडं चालतं. आणि तोपर्यंत दुसऱ्या मोबाइल नंबरवरून नवीन डिजीलॉकर काढा, त्यात नावाचं स्पेलिंग मार्कशीटप्रमाणं टाका, नवीन अपार आयडी निघेल. तोच पुण्याच्या फॉर्मला टाका.

निवृत्त हेडक्लार्क

सातरस्तावाले, तुमच्या सल्ल्याचा पहिला भाग महागडा आहे आणि दुसरा भाग पोरीला खड्ड्यात घालणारा आहे. रागावू नका, पण अशी नवीन खाती काढून आलेली मुलं मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत बरीच पाहिली.

पूर्वभागकर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, नाव जुळत नाही. दुसरा, क्रेडिट दिसत नाहीत. दोन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका.

आधी नावाचं बघू. नवीन डिजीलॉकर का नको, तर अपार हा बारा आकडी क्रमांक आधारवरून बनतो. नाव, जन्मतारीख, लिंग हे तिन्ही तिथूनच येतं, तुम्हाला हातानं टाइप करता येत नाही. त्याच आधारवरून पुन्हा काढायला गेलात तर तोच क्रमांक समोर येईल. आणि आधार न जोडता नुसत्या मोबाइलवर खातं काढलंत तर त्यातून अपार निघणारच नाही. वर घरात दोन लॉगिन होतात आणि सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही कुठल्या नंबरवर कुठलं.

आता काय बदलायचं. दहावीची मार्कशीट हा खुंटा धरा. विद्यापीठाची पात्रता, पुढं सीईटी, नोकरी, पासपोर्ट, सगळं त्या नावावर उभं राहतं, आणि ती बदलणं सर्वांत कठीण आहे. त्यासाठी आधी शाळेचं जनरल रजिस्टर, मग शाळेमार्फत पुण्याच्या विभागीय मंडळाकडं प्रस्ताव. बारावी होऊन गेलेल्या मुलीसाठी या मोसमात ते होणार नाही. आधार मात्र केंद्रावर जाऊन दुरुस्त होतं. तेव्हा आधारचं `SWATHI` बदलून `SWATI` करा, उलटं नको.

पण आधारवर नाव बदलायची संधी जन्मात दोनदाच मिळते, जन्मतारीख आणि लिंग एकेकदाच. म्हणून घाईनं एक अक्षर बदलून येऊ नका. वडिलांचं नाव आणि आडनाव यांचंही स्पेलिंग मार्कशीटशी आजच ताडून बघा. `SRINIVAS` आणि `SHRINIVAS` हे जोडपं तुमच्या भागात घरोघरी आहे. एकाच फेरीत सगळं नाव मार्कशीटप्रमाणं करून घ्या.

राजपत्र लागतं ते नाव पुरतं बदललं असेल तेव्हा. एका अक्षराच्या दुरुस्तीला योग्य नाव असलेला मान्य पुरावा पुरतो. पॅनकार्ड वा पासपोर्ट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर यूआयडीएआयचा प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना असतो, त्यावर फोटो चिकटवून राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का घेतात. फोटोवर अर्धा शिक्का हवा, खाडाखोड नको, आणि प्रमाणपत्र तीन महिन्यांच्या आतलं हवं. केंद्रावर रांगेत उभं राहण्याआधी कुठला पुरावा घेतात ते तोंडी विचारून घ्या.

विडी घरकुलची आई

काका, मधेच विचारते, माफ करा. माझा मुलगा नववीत आहे. शाळेतून पालकांच्या संमतीचा फॉर्म आला, मी सही करून दिला. बाकी वर्गाचे अपार निघाले, याचा नाही. सर म्हणतात "तुमचं आधार चुकलंय." आधार तर बरोबर आहे, मी स्वतः बघितलं. मग मी पण डिजीलॉकर काढू का त्याचा?

निवृत्त हेडक्लार्क

ताई, तुम्ही नका काढू. शाळेतल्या मुलाचा अपार यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर, शाळेच्या लॉगिनमधून निघतो. तिथं मुलाचं नाव, जन्मतारीख आणि लिंग शाळेनं भरलेलं असतं, ते आधारशी जुळलं तरच पुढं जातं. तुमचं आधार बरोबर असेल तर चूक बहुधा यूडायसमध्ये आहे. सरांना एवढंच म्हणा, "यूडायसमधली याची माहिती मला स्क्रीनवर दाखवा." शेजारी आधार धरा आणि अक्षरन् अक्षर बघा. बघताना आधारवरची इंग्रजी ओळ बघायची, मराठी नाही. मराठीत आपण सगळे बरोबरच असतो.

काही दुरुस्त्या मुख्याध्यापकांच्या लॉगिनला होतात, काही गटसाधन केंद्राकडं पाठवाव्या लागतात. आधी शाळेच्या जनरल रजिस्टरला काय आहे तेही विचारा. रजिस्टरच वेगळं असेल तर नुसतं यूडायस बदलून पुढं दाखल्याच्या वेळी परत तेच होणार. तो शाळेत आहे तोवर रजिस्टर दुरुस्त करणं सोपं, दाखला काढल्यावर फार अवघड.

विडी घरकुलची आई

उद्याच जाते. धन्यवाद काका.

अक्कलकोटी

पूर्वभागकर, मी एम.ए. करतोय, माझं याच्याहून वाईट होतं. आधारवर `BASAVARAJ`, दहावीवर `BASWARAJ`, आणि विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, नाव नंतर. मी आधार बदललं, झालं. पण एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आधार बदलल्याचा मेसेज आला तरी डिजीलॉकरमध्ये जुनंच नाव बसलेलं होतं. आत जाऊन आधारची माहिती ओटीपी टाकून परत ओढून घेतली, तेव्हा कुठं बदललं. कॉलेजवाल्यांनी त्याआधीच माझं नाव असलेली क्रेडिटची यादी दुसऱ्यांदा पाठवली होती, तीही नाकारून परत आली. उगाच एक चक्कर वाया.

सातरस्ता_ऑनलाइन

आडनाव आधी असेल तर नाव कधीच जुळत नाही, हे मी शंभर टक्के सांगतो. आधारवर पण आडनाव आधी करून घ्यायचं.

निवृत्त हेडक्लार्क

शंभर टक्के म्हणू नका. आपल्या बोर्डाच्या सगळ्याच मार्कशीटवर आडनाव आधी असतं, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या आधारवर नाव आधी. त्यावर सगळंच अडलं असतं तर राज्यात एकाचंही क्रेडिट चढलं नसतं. माझ्या टेबलावर परत आलेल्या याद्यांत नुसत्या क्रमामुळं अडलेलं मी पाहिलं नाही. जास्तीचं अक्षर, गाळलेला मधला शब्द, नाहीतर जन्मतारीख, हेच असायचं.

अक्कलकोटी म्हणतोय तो क्रम मात्र लिहून ठेवण्यासारखा आहे. आधी आधार, ते मंजूर झाल्याची खात्री, मग डिजीलॉकरमध्ये माहिती ताजी करणं, मग अपार कार्ड उघडून नाव बदललेलं डोळ्यांनी बघणं, आणि त्यानंतर कॉलेजला कळवणं. मधली पायरी गाळून कॉलेजकडं गेलात तर ते जुन्याच नावावर पुन्हा यादी पाठवतात.

क्रम_महत्त्वाचा

हेडक्लार्क सरांच्या विरोधात जातोय, पण आमच्या पोराच्या फॉर्मला नुसत्या क्रमावरून लाल अक्षरात चूक दाखवली होती. ते सीईटीचं नव्हतं, एका खासगी विद्यापीठाचा स्वतःचा फॉर्म होता. प्रत्येक संस्थेचं पोर्टल वेगळं तपासतं असं मला वाटतं.

निवृत्त हेडक्लार्क

असू शकतं. एबीसीत क्रेडिट चढणं वेगळं आणि कॉलेजच्या स्वतःच्या प्रवेश फॉर्मनं नाव ताडणं वेगळं. दुसऱ्यात कोणी काय अट लिहून ठेवलीय ते त्यांनाच माहीत. तरी नुसत्या क्रमासाठी आधारची एक संधी घालवू नका असंच मी म्हणेन.

मंगळवेढ्याची ताई

माझ्या मुलीची स्कॉलरशिप गेल्या वर्षीपासून अडकलीय. महाडीबीटीवर आधार लिंक आहे, तरी पैसे नाहीत. ती पण याच अपारमुळं अडली असणार ना? अपार लिंक केलं की पैसे येतील का?

निवृत्त हेडक्लार्क

नाही ताई, तो वेगळा मामला. शिष्यवृत्तीचे पैसे आधारला जोडलेल्या बँक खात्यात जातात, तिथं आधार बँकेशी जोडलंय का ते बँकेत जाऊन विचारावं लागतं. अपारचा त्यात हात नाही. पण पूर्वभागकर, तुमच्यासाठी यात एक इशारा आहे. आधारवरचं नाव बदललं की महाडीबीटीचं प्रोफाइल आणि बँकेचं खातं यांवर एकदा नजर टाका, नाहीतर इकडचं जुळवताना तिकडचं बिघडायचं.

हक्काचं बोला

सगळे जण नाव जुळवायच्या मागं लागलाय, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. अपार ऐच्छिक आहे. शाळेच्या फॉर्मवरच संमती लागते असं लिहिलंय, पालक नाही म्हणू शकतात, दिलेली संमती मागेही घेऊ शकतात. मग कॉलेज अपारशिवाय फॉर्म पुढं जाऊ देत नाही हे कुठल्या नियमात बसतं? लेखी मागा त्यांच्याकडं.

निवृत्त हेडक्लार्क

कागदावर तुमचं बरोबर आहे. खिडकीवर काय होतं ते पूर्वभागकर वर सांगतायत. क्रेडिट बँकेची नियमावली यूजीसीनं 2021 मध्ये काढली, त्याच्याखाली विद्यापीठं क्रेडिट त्या खात्यात जमा करतात, आणि खातं नसेल तर जमा कुठं करणार हा त्यांचा युक्तिवाद. सीईटी सेलही आता उमेदवारांना आधार आणि अपार अद्ययावत ठेवा म्हणून सांगतं. तुम्ही लेखी मागा, मी अडवणार नाही. पण या पोरीची मुदत जवळ आलीय, तिच्याकडून लढाई लढवू नका.

हक्काचं बोला

नेहमी असंच होतं. "मुदत जवळ आलीय" म्हणत म्हणत ऐच्छिक गोष्ट सक्तीची होते. असो. माझा मुद्दा नोंदवून ठेवतो, पटो न पटो.

पूर्वभागकर

हेडक्लार्क काका, सगळे कागद मांडून बसलो. वडिलांच्या नावातही फरक निघाला, तुम्ही म्हणालात तोच. आधार `SHRINIVAS`, मार्कशीट `SRINIVAS`. आडनाव सारखं आहे. जन्मतारीख, लिंग जुळतं. टपाल कार्यालयातल्या आधार केंद्रावर जाऊन दोन्ही दुरुस्त्या एकत्र टाकल्या, पंचाहत्तर रुपये घेतले, पावती मिळाली.

पण क्रेडिटचं कोडं सुटेना. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींना विचारलं, त्यांची क्रेडिट दिसतात. हिचीच नाहीत. ही पण नावामुळंच ना?

निवृत्त हेडक्लार्क

हे विचारलंत ते फार बरं केलं. क्रेडिट नाही म्हटल्यावर सगळे एकदम नावाकडं धावतात. आधी बाकीच्यांचं बघायचं असतं.

वर्गात कोणाचंच दिसत नसेल तर विद्यापीठानं त्या परीक्षेची यादी अजून चढवलेलीच नाही, त्याला विद्यार्थी काही करू शकत नाही, वाट बघायची. सेमिस्टर एक दिसतंय आणि दोन नाही, तर जोडणी बरोबर आहे, फक्त दुसरी यादी यायचीय. पण मैत्रिणींचं दिसतंय आणि हिचं एकही सेमिस्टर नाही, म्हणजे हिच्याच ओळीत काहीतरी चुकलंय.

ओळ म्हणजे अक्षरशः एक्सेलची ओळ. परीक्षा विभाग प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ तयार करून पाठवतो. त्यात `CNAME` खाली नाव, `ABC_ACCOUNT_ID` खाली बारा आकडे, पुढं विषय आणि त्यांची क्रेडिट. नाव आणि ते बारा आकडे एकमेकांचे नाहीत असं दिसलं की ती ओळ बाजूला पडते. आणि विद्यार्थ्याला याचा मेसेज येत नाही. त्याला कळतं ते असं, प्रवेशाच्या खिडकीवर.

तेव्हा तुम्ही एक करा. पहिल्या वर्षाच्या परीक्षा फॉर्मची प्रिंट शोधा. त्यावर अपार किंवा एबीसी आयडीचा रकाना असेल. तो आकडा आणि डिजीलॉकरमधल्या कार्डावरचा आकडा, चार-चारच्या गटानं मोठ्यानं वाचून ताडा.

पूर्वभागकर

काका, हात जोडले तुमच्यापुढं. फॉर्मच्या प्रिंटवर अपारच्या रकान्यात तिचा आधार नंबर आहे! सगळेच्या सगळे बारा आकडे आधारचे. फॉर्म तिनं बाहेरून, एका दुकानातून भरून घेतला होता. सबमिट झाला, पैसे भरले, हॉल तिकीट आलं, कोणालाच शंका आली नाही.

निवृत्त हेडक्लार्क

वाटलंच होतं. आधार बारा आकडी, अपारही बारा आकडी. रकाना फक्त आकडे मोजतो. शाळेतला पेन क्रमांक अकरा आकडी असतो, तो टाकला तर निदान फॉर्म ओरडतो तरी. आधार टाकलं की गपगुमान गिळतो.

म्हणजे नाव पहिल्या दिवसापासून जुळत असतं तरी हिची क्रेडिट चढली नसती. उलट आता नाव दुरुस्त होऊनही आपोआप चढणार नाहीत, ही ओळ बदलेपर्यंत.

सातरस्ता_ऑनलाइन

सगळा दोष सेंटरवाल्यांवर टाकू नका. पोरं येतात, एका चिठ्ठीवर नंबर लिहून आणतात, "दादा पटकन भरा, शेवटची तारीख आहे." वर एबीसी आयडी आणि अपार हे दोन वेगळे नंबर आहेत, त्यामुळं आम्हालाही कळत नाही कुठला टाकायचा.

अक्कलकोटी

दोन नंबर नाहीत हो. आधी ज्याला एबीसी आयडी म्हणायचे त्यालाच आता अपार म्हणतात. माझं जुनं कार्ड एबीसीचं होतं, नवीन अपारचं आहे, आकडे तेच.

सातरस्ता_ऑनलाइन

असं होय. मग बरं झालं कळलं. तरी चिठ्ठीचा प्रश्न राहतोच. यापुढं मी कार्डच उघडून दाखवायला सांगणार.

निवृत्त हेडक्लार्क

हे उत्तम. भरून झाल्यावर त्या रकान्याखाली पोराची सही घेत चला.

पूर्वभागकर, आता सोलापूरच्या कॉलेजात जा, पुण्याच्या नाही. ओळ ज्यांनी पाठवली त्यांनाच ती बदलता येते. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: पीआरएन, दोन्ही सेमिस्टरचे बैठक क्रमांक, फॉर्मवर चुकून पडलेला क्रमांक आणि योग्य अपार क्रमांक. चुकलेला क्रमांक आधारचा असल्यामुळं अर्जात तो पूर्ण लिहू नका, शेवटचे चार आकडे पुरेत. सोबत अपार कार्डाची प्रत आणि दोन्ही मार्कशीट. कॉलेज तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडं पाठवेल. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, त्याशिवाय हलू नका. आणि विद्यापीठाच्या विद्यार्थी प्रोफाइलमध्येही क्रमांक दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या यादीत पुन्हा आधारच जाईल.

अर्ज आज दिलात तरी चालेल, पण त्यांना सांगा की आधारची दुरुस्ती सुरू आहे, नाव बदललेलं कार्ड आणून दिल्यावरच ओळ पाठवा. एवढं एक वाक्य अर्जातच लिहा.

पूर्वभागकर

आणि पुण्याची मुदत? आधारला किती दिवस लागतील कोण सांगणार? केंद्रावरचे म्हणाले महिना धरून चाला.

निवृत्त हेडक्लार्क

तिथं थांबून चालणार नाही. पुण्याच्या कॉलेजात मूळ मार्कशीट, दहावीची मार्कशीट, आधार दुरुस्तीची पावती आणि सोलापूरच्या कॉलेजचा शिक्का असलेल्या अर्जाची प्रत घेऊन जा. तात्पुरता प्रवेश मागा, हमीपत्र लिहून देतो म्हणा. मार्कशीट ही खरी आणि सही-शिक्क्याची आहे, क्रेडिट तिच्यावरही छापलेली असतात. बहुतेक ठिकाणी ऑफिसला हाताने फॉर्म पुढं ढकलायची सोय असते, ऑनलाइन जरी लाल अक्षर दाखवत असलं तरी. देतीलच असं मी छातीठोक सांगत नाही. खिडकीवर नको, थेट प्रवेश समितीच्या सरांना भेटा.

आणखी एक. क्रेडिट खात्यात दिसली म्हणजे पुण्यानं ती स्वीकारली असं नव्हे. पहिल्या वर्षाची क्रेडिट पुरी आहेत, पण विद्यापीठ बदलतंय. सोलापूरचे कोणते विषय तिकडच्या कोणत्या विषयांना समान धरायचे हे तेच ठरवणार. एखादा विषय जास्तीचा करायला लावतील. क्रेडिट बँक नुसती जपून ठेवते, तीही जास्तीत जास्त सात वर्षं. तेव्हा अभ्यासक्रमाची प्रतही सोबत ठेवा, स्थलांतर प्रमाणपत्राची चौकशी आजच करा. ते वेगळ्या टेबलावर मिळतं आणि वेगळाच वेळ खातं.

क्रम_महत्त्वाचा

विषय जुळवणीत आमचं पोर अडकलं होतं. क्रेडिट सगळी होती, पण एक विषय त्यांच्याकडं दुसऱ्या वर्षाला होता. पुन्हा द्यावा लागला. हे नाव-बिव जुळवण्यापेक्षा मोठं दुखणं आहे, कोणी आधी सांगत नाही.

हक्काचं बोला

आणि हे सगळं "विद्यार्थ्याला कुठंही सहज जाता यावं" म्हणून आणलं होतं.

पूर्वभागकर

खूप दिवसांनी लिहितोय, पण शेवट काय झाला ते सांगायलाच हवं.

पुण्यात तात्पुरता प्रवेश मिळाला. खिडकीवर नाहीच म्हणाले, प्रवेश समितीच्या सरांनी कागद बघून हमीपत्र घेतलं. दिवाळीच्या सुट्टीआधी क्रेडिट दाखवायची अट आहे. आधार दुरुस्त होऊन आलं. डिजीलॉकरमध्ये आधी जुनंच होतं, अक्कलकोटींनी सांगितल्याप्रमाणं माहिती परत ओढली, मग कार्डावर `SWATI` आलं. ते कार्ड सोलापूरच्या कॉलेजात नेऊन दिलं. तिथले क्लार्क म्हणाले की याच वर्गातल्या आणखी काही मुलांच्या रकान्यात आधार पडलंय, आता सगळ्यांची मिळून एक यादी पाठवणार.

काल बघितलं तर सेमिस्टर एकची क्रेडिट दिसायला लागलीत. सेमिस्टर दोनची अजून नाहीत. परत अर्ज करू का?

निवृत्त हेडक्लार्क

नको. एक चढलं म्हणजे नाव आणि क्रमांक दोन्ही जुळले. दोन राहिलं ते त्यांच्या यादीत राहिलंय. परत अर्ज केलात तर टेबलावर दोन कागद होतील आणि नवा क्लार्क पहिल्यापासून सुरू करेल. जुन्याच आवक क्रमांकाचा हवाला देऊन विचारा की सेमिस्टर दोनची दुरुस्त यादी गेली का. गेली म्हणाले आणि तरी दिसत नसेल तर abc.gov.in वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक जपा. दिवाळीची अट आहे ना, तर सेमिस्टर एकचा स्क्रीनशॉट आत्ताच पुण्याला मेल करून ठेवा, काम सुरू आहे हे त्यांना दिसू दे.

विडी घरकुलची आई

काका, माझ्याकडचं पण सांगते. यूडायसमध्ये मुलाचं लिंग चुकून मुलगी पडलं होतं! नाव, तारीख सगळं बरोबर. सरच हसायला लागले. पण ते त्यांच्या लॉगिनला बदलत नाही म्हणतात, दक्षिण सोलापूरच्या गटसाधन केंद्राकडं पाठवलंय. जनरल रजिस्टर बघितलं, तिथं बरोबर आहे. आता मी केंद्रावर जाऊ का सरांनाच विचारत राहू?

निवृत्त हेडक्लार्क

सरांनाच विचारा, पण कधी पाठवलं त्याची तारीख घेऊन ठेवा. दहावीचा फॉर्म भरायच्या आत झालं पाहिजे एवढंच त्यांना सांगा.